अडतो तो पिन, कार्ड नव्हे

कोल्हापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा एक शनिवार धरून चालू. भाजीपासून रिक्षापर्यंत सगळे पैसे त्या फोनवरून यूपीआयने देतात, त्यामुळे डेबिट कार्ड चार-सहा महिने पर्समध्ये नुसतं पडून आहे. घरात दुरुस्तीचं काम काढलंय, गवंड्याला रोख द्यायची आहे, म्हणून त्या बिंदू चौकाजवळच्या एटीएममध्ये जातात आणि सवयीने यूपीआयचा चार आकडी पिन दाबतात. पडद्यावर येतं, पिन चुकीचा आहे. बोट भलत्या बटणावर पडलं असेल असं वाटून त्या तोच पिन पुन्हा, सावकाश दाबतात. पुन्हा तेच. मग मशीनच बिघडलेलं दिसतंय म्हणत रस्ता ओलांडून दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये जातात आणि तेच चार आकडे तिसऱ्यांदा दाबतात. पैसे येत नाहीत. त्या चौथ्यांदा प्रयत्न करतात तेव्हा पडद्यावरचा मजकूर बदललेला असतो: पिनच्या प्रयत्नांची मर्यादा संपली आहे.

घरी येऊन त्या सांगतात, कार्ड ब्लॉक झालं. पण दुपारी भाची त्याच कार्डावरून औषधं मागवते, ओटीपी येतो आणि ८४० रुपये बिनतक्रार जातात. संध्याकाळी महाद्वार रोडवरच्या दुकानात कार्ड मशीनला टेकवलं जातं आणि १,८५० रुपयांचं बिल भरलं जातं. रात्री भाची एका परदेशी संकेतस्थळावर १,४९९ रुपयांचा अभ्यासक्रम घ्यायला जाते, तेव्हा मात्र व्यवहार नाकारला जातो. तिथे तर पिन विचारलेलाही नसतो.

एकाच दिवसातले हे चार अनुभव विसंगत वाटतात, पण त्यांच्यामागे नियमांची साधी रचना आहे. कार्ड अडवणारी कुलपं एक नाहीत, तीन वेगवेगळी आहेत. पिनचं कुलूप वेगळं, ऑनलाइन-टॅप-परदेश या वापरांचे चालू-बंद खटके वेगळे आणि हरवलेलं कार्ड कायमचं बाद करणं वेगळं. आपण तिन्हींना 'ब्लॉक' म्हणतो आणि मग चुकीच्या कुलपाला चावी लावत बसतो.

आधी पिनचं पाहू. आपण पिन एटीएमच्या बटणांवर दाबतो, पण तो एटीएम तपासत नाही. बटणांची ती पाटी हेच एक बंदिस्त यंत्र असतं. दाबलेले चार आकडे तिथेच कार्ड नंबरात मिसळून सांकेतिक रूपात बदलले जातात आणि मगच बाहेर पडतात. एटीएममधल्या संगणकालाही मूळ आकडे मिळत नाहीत. कार्ड नंबर मिसळण्याचं कारण असं, की दोन माणसांचा पिन योगायोगाने सारखा असला तरी तारेवरून जाणारे त्यांचे संदेश सारखे दिसू नयेत. हा संदेश एटीएमच्या मालक बँकेकडे जातो. कार्ड दुसऱ्या बँकेचं असेल तर तिथून तो नॅशनल फायनान्शियल स्विच या देशव्यापी जाळ्यातून पुढे जातो. २००४ साली सुरू झालेलं हे जाळं २००९च्या अखेरीपासून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवतं. तिथून संदेश कार्ड देणाऱ्या बँकेत पोचतो. शिक्षिकाबाई कोल्हापुरात कुठल्याही एटीएमसमोर उभ्या असल्या तरी पिनचा निवाडा त्यांच्या स्वतःच्या बँकेतच होतो.

तिथेही पिनची यादी उघडी पडलेली नसते. एका खास कुलूपबंद यंत्राच्या आत गुप्त किल्ल्या असतात. हे यंत्र आलेला पिन, कार्ड नंबरातले काही आकडे आणि गुप्त किल्ली यांचं गणित करून एक छोटी पडताळणी-संख्या काढतं आणि बँकेने जपून ठेवलेल्या संख्येशी ताडून पाहतं. बाहेर उत्तर एवढंच येतं: जुळलं किंवा नाही जुळलं. म्हणून शाखेतल्या व्यवस्थापकाला तुमचा पिन सांगता येत नाही, तो त्यांना दिसतच नाही. आणि गणितात कार्ड नंबर असल्यामुळे नवा नंबर असलेलं कार्ड आलं की पिनही साधारणपणे नव्याने तयार करावा लागतो. जुन्या कार्डाचा पिन नव्या कार्डावर दाबणं, हे पिन चुकण्याचं यूपीआयच्या पिनइतकंच नेहमीचं कारण आहे.

'नाही जुळलं' असं उत्तर आलं की बँकेच्या यंत्रणेत त्या कार्डाच्या नावासमोरचा आकडा एकने वाढतो. बरोबर पिन पडला की तो पुन्हा शून्य होतो. हा आकडा एटीएममध्ये नसतो, बँकेत असतो. रस्ता ओलांडून दुसऱ्या मशीनवर गेल्याने काहीच साधत नाही, ते याचमुळे. दुकानातल्या स्वाइप मशीनवर चुकलेला पिनही त्याच हिशेबात जमा होतो. म्हणजे सकाळी दुकानात एकदा आणि दुपारी एटीएममध्ये दोनदा चुकलात, तरी तीन पुरे झाले.

पावती मिळाली तर ती फेकू नका. बऱ्याच एटीएमच्या पावतीवर किंवा दुकानातल्या मशीनच्या चिठ्ठीवर नकाराचा दोन आकडी संकेत छापलेला असतो आणि तो जगभरच्या कार्ड यंत्रणांत बराचसा सारखा आहे. 55 म्हणजे पिन चुकला, अजून संधी आहे. 75 म्हणजे प्रयत्न संपले. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. 75 सुरू झाल्यावर बरोबर पिन आठवून दाबलात तरी उपयोग होत नाही, कारण तो जुळतो का हे पाहण्याआधीच बँक नकार देते. अशा वेळी लोकांना वाटतं, आपल्याला आठवलेला पिनही चुकीचाच आहे. मग ते आणखी वेगवेगळे आकडे दाबून पाहतात आणि खरा पिनही मनातून पुसून टाकतात. 55 दोनदा दिसला की थांबावं. तिसरी संधी आठवणीवर उधळण्यापेक्षा बँकेच्या ॲपमधून नवा पिन तयार करणं कधीही बरं.

तीनच प्रयत्न का, याचं उत्तर पिनच्या लांबीत आहे. चार आकड्यांचा पिन ०००० ते ९९९९ यांपैकी काहीही असू शकतो, म्हणजे दहा हजार शक्यता. चार आकडे ठरण्यामागे एक घरगुती गोष्ट सांगितली जाते. जून १९६७मध्ये लंडनजवळ एन्फील्डला बार्कलेज बँकेने बसवलेल्या पैसे देणाऱ्या यंत्राचे जनक जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या मनात सहा आकडे होते. पण आपल्याला चारच लक्षात राहतात असं पत्नीने म्हटलं आणि चार ठरले. (हे शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगमध्ये.) चार आकड्यांचं गुपित इतकं तोकडं आहे, की हवे तितके प्रयत्न करू दिले तर कुणीही ते शोधून काढेल. त्याची खरी ताकद मोजक्या प्रयत्नांच्या अटीतच आहे. तीन संधी दिल्या तर निव्वळ अंदाजाने पिन लागण्याची शक्यता दहा हजारांत तीन उरते.

ही झाली कागदावरची शक्यता. चोर आंधळेपणाने आकडे दाबत नाही. तो १२३४ दाबून पाहतो, ११११ पाहतो आणि पाकिटात आधार कार्ड किंवा लायसन सापडलं तर जन्मतारीख आणि जन्मवर्ष पाहतो. केंब्रिज विद्यापीठातल्या जोसेफ बोनो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली लोक पिन कसे निवडतात याचा अभ्यास केला. त्यांचा अंदाज असा, की पाकिटात जन्मतारखेचा पुरावा असेल तर हुशार चोराला साधारण दर ११ ते १८ पाकिटांमागे एक कार्ड चालवता येईल. बँक १२३४सारखे सोपे पिन नाकारते की नाही, त्यावर आकडा कमी-जास्त होतो. दहा हजारांत तीन आणि अकरांत एक, एवढं अंतर जन्मतारखेच्या आणि सोप्या पिनांमुळे पडतं. पिन लगेच अडतो म्हणून चिडचिड होते हे मान्य, पण जन्मतारखेचा पिन ठेवणाऱ्याला हे तीन प्रयत्नसुद्धा पुरतं संरक्षण देत नाहीत.

अडलेला पिन सुटतो कसा? बहुतेक बँकांत ही अडवणूक तात्पुरती असते. कुठे मध्यरात्री तारीख बदलली की आकडा शून्यावर येतो, कुठे चोवीस तास मोजले जातात, तर काही बँकांत ग्राहकाने स्वतः हालचाल करावी लागते. ॲप, नेटबँकिंग किंवा बँकेच्या एटीएमवर नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून नवा पिन केला, तर सहसा जुना हिशेबही पुसला जातो. शिक्षिकाबाईंनी शनिवारी दुपारी घरी बसून पाच मिनिटांत हे करता आलं असतं. आणि एक गोष्ट खर्चाबद्दल. चुकीच्या पिनमुळे फसलेला एटीएम व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत मोजायचा नाही आणि त्याचं शुल्कही घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. खातेउताऱ्यात तसं शुल्क दिसलं तर परत मागता येतं.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना इथे एक वेगळा अनुभव येईल. ब्रिटनसारख्या काही देशांत दुकानातल्या मशीनवर दाबलेला पिन कार्डावरची चिपच तपासते आणि चुकलेले प्रयत्नही चिपच मोजते. तो हिशेब कार्डाच्या पोटात असल्यामुळे तारीख उलटून सुटत नाही. कार्ड एटीएममध्ये घालून पिन मोकळा करण्याचा पर्याय निवडावा लागतो, तेव्हा बँक चिपला तसा हुकूम पाठवते.

आता दुपारच्या औषधांकडे येऊ. ऑनलाइन खरेदीत एटीएमचा पिन लागतच नाही. तिथे कार्ड नंबर, मुदत, पाठीमागचा तीन आकडी सीव्हीव्ही आणि त्यावर मोबाइलवरचा ओटीपी पाहिला जातो. देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांना ही दुसरी पडताळणी ऑगस्ट २००९पासून सक्तीची आहे. पिन न विचारणाऱ्या व्यवहारात पिनच्या प्रयत्नांचा आकडा पाहण्याचं बँकेला कारण नसतं. संध्याकाळी टॅप चाललं तेही याचमुळे, कारण तेवढ्या रकमेला पिन लागला नाही. काही बँका तिसऱ्या चुकीनंतर खबरदारी म्हणून कार्डाचा सगळाच वापर थांबवतात, मग दोन्ही व्यवहार फसले असते. पण सर्वसाधारणपणे पिन अडला म्हणजे कार्ड सुरक्षित झालं, असं समजणं धोक्याचं आहे. पाकीट चोरीला गेलेल्या माणसाला एखाद्याने 'चोराने तीनदा पिन चुकवला, आता कार्ड बंदच आहे, निवांत राहा' असं सांगितलं, तर तो सल्ला चुकीचा आहे. टॅप चालू असेल तर चोर दुकानात हात मोकळा करू शकतो. तिथे ॲपमधून किंवा बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड कायमचं बंद करणं हाच उपाय आहे. बँकेच्या भाषेत याला कार्ड हॉटलिस्ट करणं म्हणतात.

रात्रीचा नकार समजण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं १५ जानेवारी २०२०चं परिपत्रक पाहावं लागतं. तोपर्यंत कार्ड हाती पडलं की ते बहुधा सगळीकडेच चालायचं. एटीएमपलीकडे कधी न वापरणाऱ्या गावाकडच्या पेन्शनरचं कार्डही परदेशी संकेतस्थळाला उघडं असायचं आणि त्याला त्याचा पत्ता नसायचा. नव्या नियमाने हे उलटं केलं. नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये कार्ड घालून चालेल. ऑनलाइन, टॅप आणि परदेशातला वापर ग्राहकाने मागितल्यावरच सुरू होईल. ज्या जुन्या कार्डांवर असा वापर कधी झालाच नव्हता, त्यांवर तो बंद करणं बँकांना सक्तीचं झालं. शिवाय प्रत्येक प्रकार चालू-बंद करण्याची आणि त्याची मर्यादा स्वतः ठरवण्याची सोय चोवीस तास, ॲप, नेटबँकिंग, एटीएम किंवा फोनवरून द्यावी आणि बदल झाला की संदेश पाठवावा, असंही सांगितलं. आधी मार्चची तारीख होती, साथीमुळे ती ऑक्टोबर २०२०पर्यंत गेली. ग्राहकाच्या हाती खरा ताबा देणारे नियम थोडे असतात, त्यांतला हा एक आहे असं मला वाटतं. दुर्दैवाने ॲपमधलं ते पान उघडून न पाहिलेले लोक फार आहेत.

बँकेला कसं कळतं, की अमुक व्यवहार टॅपचा आहे आणि तमुक परदेशी? रकमेबरोबर येणाऱ्या संदेशातच ते लिहिलेलं असतं. संदेशाच्या ठरलेल्या रकान्यांत कार्ड कसं वाचलं गेलं याचा संकेत असतो: चिप मशीनमध्ये घालून, चिप दुरून टॅप करून की नुसता नंबर टाकून. दुकान कोणत्या धंद्याचं आहे याचा चार आकडी संकेत असतो. चलनाचा असतो, रुपयासाठी 356. आणि दुकानाचे पैसे गोळा करणारी बँक कोणत्या देशातली आहे याचाही असतो. बँकेची यंत्रणा हे रकाने वाचून व्यवहाराचा प्रकार ठरवते आणि त्या प्रकाराचा खटका चालू आहे का ते पाहते. बंद असेल तर खात्यात लाखो रुपये असोत, नकार जातो. चिठ्ठीवर अशा वेळी बहुधा 57 येतो, म्हणजे या कार्डधारकाला या प्रकारचा व्यवहार करण्याची मुभा नाही.

भाचीचा गोंधळ झाला तो इथे. संकेतस्थळावर किंमत १,४९९ रुपये अशी लिहिलेली होती, म्हणून तिने व्यवहार देशातला धरला. पण व्यवहार आतला की बाहेरचा हे चलनावरून ठरत नाही, पैसे घेणाऱ्याची बँक कुठे आहे यावरून ठरतं. विक्रेता परदेशी, त्याचे पैसे परदेशी बँकेत जमा होणार, मग पडद्यावर रुपयाचं चिन्ह असलं तरी बँकेच्या लेखी तो आंतरराष्ट्रीय व्यवहार. अशा खरेदीवर काही बँका परदेशी व्यवहाराचं जादा शुल्कही लावतात, आणि रुपयांत किंमत पाहून आलेल्या ग्राहकाला ते खातेउताऱ्यात पाहून धक्का बसतो. बाईंचा परदेशी वापराचा खटका बंद होता, म्हणून नकार आला, आणि माझ्या मते तो बंद असणंच बरोबर होतं. ओटीपीची सक्ती आपल्या देशातल्या व्यवहारांपुरती आहे. अनेक परदेशी संकेतस्थळांवर कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावरच पैसे वळते होऊ शकतात. चोरलेले कार्ड नंबर तिकडे वापरले जातात ते याचमुळे. भाचीला अभ्यासक्रम घ्यायचाच असेल, तर परदेशी ऑनलाइन वापर चालू करून मर्यादा दोन हजार रुपये ठेवावी, खरेदी करावी आणि लगेच पुन्हा बंद करावा. बदल सहसा काही क्षणांत लागू होतो.

परदेशी जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. परदेशी संकेतस्थळ आणि परदेशातलं दुकान किंवा एटीएम यांचे खटके बहुतेक ॲपमध्ये स्वतंत्र असतात. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील एकच चालू करून विमानात बसतात आणि तिकडे एटीएमसमोर अडकतात. बदल करायला ओटीपी लागला आणि भारतातलं सिम तिथे चालत नसलं, तर मोठीच पंचाईत होते. हे काम निघण्याआधी करायचं.

टॅपची तपासणी दोन ठिकाणी होते. पहिली दुकानातल्या मशीनमध्ये. भारतात ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅपला पिन लागत नाही. २०१५मध्ये ही मर्यादा २,००० होती, १ जानेवारी २०२१पासून ती ५,००० झाली. रक्कम याच्या वर गेली की मशीन पिन मागतं. टॅप तेव्हाही होतं, फक्त पिनशिवाय होत नाही. साडी ६,२०० रुपयांची असती तर शिक्षिकाबाईंना पिन विचारला गेला असता आणि सकाळचं 75 पुन्हा समोर आलं असतं. दुसरी तपासणी बँकेत होते. टॅप झालं म्हणजे बँकेला न विचारता पैसे गेले असं नाही, संदेश त्याच वाटेने जातो. चिप प्रत्येक टॅपला त्या व्यवहारापुरता एकदाच चालणारा संकेत तयार करते आणि बँक तो तपासते, मग टॅपचा खटका, तुम्ही ठरवलेली टॅपची मर्यादा आणि दिवसभरातले टॅप पाहते. तुम्ही ॲपमध्ये टॅपला १,००० रुपये ठेवले असतील तर १,२०० रुपयांचं टॅप मशीनला चालेल, पण बँक नाकारेल. दुकानदार म्हणतो, 'तुमच्या बँकेचा सर्व्हर डाऊन दिसतोय.' त्याला कारण दिसत नसतं. तेव्हा कार्ड मशीनमध्ये घालून पिन टाकला की तीच रक्कम जाते, कारण आता ती दुसऱ्या प्रकारात मोजली जाते.

मेट्रो आणि बससाठीच्या कार्डांचा एक अपवाद ध्यानात असू द्या. काही रुपे डेबिट कार्डांच्या चिपमध्येच प्रवासासाठी थोडी रक्कम भरून ठेवता येते. फाटकावर टेकवलं की ती चिपमधूनच कापली जाते, बँकेला विचारलं जात नाही. म्हणून ॲपमधला खटका त्या शिल्लकेला आवर घालू शकत नाही आणि कार्ड हरवलं तर तेवढी रक्कम सुट्या पैशांसारखी गेलीच समजायची.

उरली रकमेची मर्यादा. बँक प्रत्येक कार्डासाठी दिवसाची एक वरची कमाल ठरवते, एटीएमची वेगळी आणि खरेदीची वेगळी, आणि तुम्ही ॲपमधून त्याच्या आत आपली लहान मर्यादा ठेवू शकता. समजा बाईंच्या कार्डाला एटीएमची मर्यादा २५,००० आहे. रविवारी नव्या पिनने त्या १०,००० काढतात, दुपारी पुन्हा १०,००० काढतात. संध्याकाळी गवंडी आणखी ८,००० मागतो. खात्यात एक लाख ऐंशी हजार आहेत, पिन बरोबर आहे, तरी नकार येतो. पावतीवर 61 असतो, म्हणजे काढण्याची मर्यादा ओलांडली. शिल्लक पुरेशी नसती तर 51 आला असता. यंत्रणा उरलेले ५,००० आपणहून देत नाही. मागितलेली रक्कम बसत नसेल तर पूर्ण नकार देते. त्याच वेळी ५,००० मागितले असते तर मिळाले असते. दिवस कधी संपतो तेही बँकेवर असतं, पण बहुधा मध्यरात्री.

यात एक अडचण खरोखर त्रासदायक आहे. एटीएमने पैसे दिले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर ती रक्कम मर्यादेतूनही वजा झालेली असू शकते. उलटा व्यवहार येऊन पोचेपर्यंत बँकेच्या हिशेबात तुम्ही ते पैसे घेतलेलेच असतात. म्हणून दुसऱ्या एटीएमवर जाऊन तीच मोठी रक्कम मागितली, तर कधी कधी 61 मिळतो आणि माणूस दोन्हीकडून अडतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपणहून परत जमा व्हायला हवेत आणि उशीर झाला तर रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. ती मागावी लागत नाही, बँकेने स्वतः द्यायची असते. पावती जपली असेल आणि वेळ नोंदवली असेल तर पाठपुरावा सोपा जातो.

शेवटी त्या एका मोबाइल संदेशाबद्दल. पिन चुकला की अनेक बँका तसा संदेश पाठवतात. शनिवारी सकाळी तो बाईंना आला असेल तर काळजीचं कारण नाही, पिन त्यांनीच चुकवला होता. पण तुम्ही घरी बसलेले असताना, कार्डाला हातही लावलेला नसताना तसा संदेश आला, तर कार्ड किंवा त्याची नक्कल दुसऱ्याच्या हातात आहे. तेव्हा पिन बदलत बसू नका, कार्ड हॉटलिस्ट करा. संदेशात दिलेल्या अनोळखी क्रमांकावर फोन करू नका, 'तुमचं कार्ड ब्लॉक झालं, सुरू करण्यासाठी ओटीपी सांगा' असं म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. पिन मोकळा करण्यासाठी बँकेचा माणूस ओटीपी मागत नाही. कार्डाच्या पाठीमागे छापलेला क्रमांक आजच फोनमध्ये जपून ठेवा, कारण कार्ड गेल्यावर तो वाचायला कार्ड हाताशी नसतं. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.